रोज किती कॅलरी कमी खायच्या?

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता: २२.३. तक्त्याप्रमाणे दोघंही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. म्हणजे तेवढ्याच वजनात एकाकडे स्नायू जास्त होते आणि दुसऱ्याकडे चरबी.

भारतीय शरीराची ही ठेवण आता बरीच परिचित झाली आहे. हातपाय बारीक, पोट मात्र पुढे, आणि वजन बघावं तर फारसं काही नाही. मधुमेहाच्या संदर्भात याची चर्चा भरपूर होते. वजन घटवण्याच्या संदर्भात ती व्हायला हवी तेवढी होत नाही, आणि मला तिथेच काळजी वाटते. ज्याच्याकडे स्नायू आधीच कमी आहेत त्याने महिनाभर पोटाला चिमटा काढून सहा किलो घटवले, तर त्यातला किती भाग चरबीचा आणि किती स्नायूंचा, हे त्याला कोणी सांगत नाही. तो खूश असतो, कारण काटा खाली आलेला असतो.

काटा खाली येतो कसा, हे आधी पाहू. शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यापेक्षा आपण कमी खाल्लं की फरक साठ्यातून भरून निघतो. या फरकालाच कॅलरींची तूट म्हणतात. साठा दोन प्रकारचा असतो. एक किलो शुद्ध चरबीत सुमारे ९,४०० कॅलरी असतात. चरबीखेरीजच्या ऊतींमध्ये, म्हणजे ज्यात मुख्यतः स्नायू येतात त्यांच्यात, बरंचसं पाणी असल्यामुळे किलोमागे जेमतेम १,८०० कॅलरी असतात. हा फरक लक्षात घेतला की एक विचित्र गोष्ट कळते. समजा आठवड्याची एकूण तूट ५,६०० कॅलरींची आहे. घटलेल्या वजनात तीन भाग चरबी आणि एक भाग स्नायू वगैरे असतील, तर काटा पाऊण किलोने खाली येईल. तेच निम्मी चरबी आणि निम्मे स्नायू गेले, तर काटा पूर्ण एक किलोने उतरेल. जेवण तेवढंच, उपास तेवढाच, आणि जिथे नुकसान जास्त झालं तिथेच काटा जास्त खूश करतो.

पहिल्या आठवड्याची गंमत तर आणखी वेगळी. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा पिष्टाचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. जेवण कमी केलं, विशेषतः भात-पोळी कमी केली, की हा साठा आटतो आणि त्याबरोबर पाणीही जातं. मीठ कमी पोटात गेल्यानेही थोडं पाणी उतरतं. त्यामुळे पहिल्या आठ दिवसांत दीड-दोन किलो जाणं अगदी शक्य आहे आणि त्यात चरबी फार थोडी असते. ‘आठ दिवसांत दोन किलो’ अशी जी जाहिरात असते, ती याच पाण्यावर चालते.

आता तूट किती मोठी ठेवावी, हा मुख्य प्रश्न. चरबीच्या पेशींतून ऊर्जा बाहेर येण्याच्या वेगाला मर्यादा असते आणि ती मर्यादा चरबीच्या साठ्यावर अवलंबून असते. ज्याच्या अंगात चाळीस किलो चरबी आहे त्याचं शरीर रोजची मोठी तूट चरबीतून भरून काढू शकतं. ज्याच्याकडे बारा-पंधरा किलोच आहे त्याला तीच तूट झेपत नाही, आणि उरलेली मागणी स्नायूंवर येते. म्हणून ‘सगळ्यांनी रोज ५०० कॅलरी कमी खा’ हा जो सार्वत्रिक सल्ला मिळतो तो कोणाला फार थोडा पडतो आणि कोणाला फार जास्त. तूट आपल्या खर्चाच्या टक्केवारीत आणि घट आपल्या वजनाच्या टक्केवारीत मोजणं जास्त शहाणपणाचं.

२०११ साली नॉर्वेमध्ये उच्च दर्जाच्या खेळाडूंवर एक प्रयोग झाला. एका गटाने आठवड्याला वजनाच्या ०.७ टक्के घट करायची, दुसऱ्याने १.४ टक्के. दोन्ही गट आठवड्यातून चार वेळा वजनं उचलत होते. सावकाश जाणाऱ्या गटाने रोजच्या आहारात साधारण १९ टक्के कपात केली होती, घाईच्या गटाने ३० टक्के. शेवटी दोघांचंही वजन सारखंच, साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटलं. पण सावकाश गटाची चरबी जास्त गेली आणि स्नायू धरून इतर वजन सुमारे दोन टक्क्यांनी वाढलं. घाईच्या गटात ते वाढलं नाही. गट लहान होते आणि सगळे खेळाडू होते, त्यामुळे यातले आकडे तसेच्या तसे आपल्याला लागू होत नाहीत. दिशा मात्र स्पष्ट दिसते, आणि खर्चाच्या वीस टक्क्यांच्या आसपासची तूट ही सुरुवातीसाठी चांगली जागा आहे, असं मला वाटतं ते यामुळेच.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. हळू घटवलेलं वजन परत येत नाही आणि झटपट घटवलेलं परत येतं, असं सर्रास म्हटलं जातं. मेलबर्नमध्ये याची नीट चाचणी झाली. एका गटाने बारा आठवड्यांत आणि दुसऱ्याने छत्तीस आठवड्यांत वजन घटवलं. पुढे सुमारे तीन वर्षांत दोन्ही गटांत घटलेल्या वजनापैकी साधारण ७१ टक्के परत आलं. तेव्हा तूट बेताची ठेवायची ती वजन परत येऊ नये म्हणून नव्हे. स्नायू टिकावेत आणि दिवसभर काम करण्याची ताकद राहावी, यासाठी ती बेताची हवी.

हे प्रत्यक्षात कसं बसवायचं ते एका उदाहरणाने पाहू. समजा ठाण्याला राहणाऱ्या, बँकेत बसून काम करणाऱ्या ४२ वर्षांच्या एक बाई आहेत. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. शाकाहारी, अंडीही नाहीत. रोज स्टेशनपर्यंत जाऊन-येऊन जेवढं होतं तेवढंच चालणं.

पहिलं काम त्यांचा रोजचा खर्च काढणं. मिफलिन आणि सेंट जिऑर यांनी १९९० साली मांडलेलं सूत्र यासाठी सर्वत्र वापरतात. बायकांसाठी ते असं: वजनाला दहाने गुणा, त्यात सेंटिमीटरमधल्या उंचीची सव्वासहा पट मिळवा, वयाची पाच पट वजा करा आणि शेवटी १६१ वजा करा. पुरुषांसाठी शेवटी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे. आपल्या बाईंचे ७२० अधिक ९८१, वजा २१०, वजा १६१, म्हणजे सुमारे १,३३० कॅलरी होतात. हा नुसतं पडून राहिल्याचा खर्च. बैठ्या कामासाठी त्याला १.४ ने गुणलं की १,८६० च्या आसपास आकडा येतो.

हा आकडा अंदाजच असतो. दोन माणसांत सहज दीड-दोनशे कॅलरींचा फरक पडतो. म्हणून दुसरं काम जास्त महत्त्वाचं: दोन आठवडे काहीही न बदलता नेहमीसारखं खायचं, सगळं लिहून काढायचं आणि रोज सकाळी वजन करायचं. बाईंच्या वहीतली सरासरी १,८५० आली आणि वजन जागच्या जागी राहिलं, तर तोच त्यांचा खर्च. यात एक मोठी सोय आहे. घरच्या वाटीने मोजताना चूक होतेच, बहुतेक जण खाल्लेलं कमीच लिहितात. पण नंतरही त्याच वाटीने आणि त्याच सवयीने मोजलं, तर ती चूक दोन्हीकडे सारखी राहते आणि तूट बरीचशी खरी उतरते. म्हणून आधीचे दोन आठवडे वाया जात नाहीत, पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर उभा असतो.

१,८५० चे वीस टक्के म्हणजे ३७०. उरले १,४८० कॅलरी. आठवड्याची तूट झाली सुमारे २,६००. घटलेल्या वजनाचा एक किलो साधारण ७,७०० कॅलरींचा धरतात, तेव्हा आठवड्याला एक तृतीयांश किलोच्या आसपास घट अपेक्षित आहे. महिन्याला दीड किलोला थोडं कमी. ऐकायला हे फार कमी वाटतं, आणि बाईंच्या मैत्रिणीने १,००० कॅलरींचा तक्ता आणलेला असतो. तो पाळला तर कागदावर आठवड्याला पाऊण किलो जाईल. त्यांच्या अंगातल्या चरबीचा साठा बघता शरीराला हा वेग अगदीच अशक्य नाही, हेही मान्य करायला हवं. अडचण ताटात येते.

तूट असताना स्नायू टिकवायचे तर शरीराला दोन गोष्टी लागतात: स्नायूंना काम आणि पुरेशी प्रथिनं. तब्येत ठीक असलेल्या प्रौढाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे. पण ती नेहमीच्या, भरपेट खाणाऱ्या माणसासाठी. कमी खाताना गरज वाढते आणि किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत जावं लागतं. वजन बरंच जास्त असेल तर हा हिशेब आजच्या वजनावर न करता जिथे पोचायचं त्या वजनावर करतात. बाईंना ६० च्या आसपास यायचं आहे, म्हणून त्यांना किमान ७२ ग्रॅम हवेत.

१,४८० कॅलरींत हे बसतं का? बसतं, पण ताटाची मांडणी बदलावी लागते. सकाळी ५० ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी एका लहान चमचा तेलावर, यातून १२ ग्रॅम प्रथिनं. दुपारी डब्यात दोन पोळ्या, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ, कोशिंबीर आणि वाटीभर दही मिळून एकवीस-बावीस. चारच्या सुमारास मूठभर फुटाणे, सहा. रात्री एक ज्वारीची भाकरी, ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घातलेली भाजी आणि अर्धी वाटी आमटी मिळून सत्तावीस. दोन कप चहाच्या दुधातून आणखी सहा. बेरीज ७२ ग्रॅमच्या आसपास आणि कॅलरी १,४७०. सोयाबीनच्या वड्यांना आपल्याकडे काहीसं कमी लेखतात, पण कोरड्या वड्यांत वजनाच्या निम्मी प्रथिनं असतात आणि शाकाहारी माणसाला इतक्या कमी कॅलरींत इतकं देणारं दुसरं स्वस्त काही वाण्याकडे मिळत नाही.

आता यातून आणखी ४७० कॅलरी काढायच्या म्हटलं तर पोळ्या आणि भाकरी पूर्ण बंद केली तरी पुरत नाही. शिवाय १,००० कॅलरींच्या तक्त्यांत प्रत्यक्षात असतं काय? सकाळी पपई, दुपारी एक पोळी आणि दुधी, रात्री सूप. प्रथिनं तीस-पस्तीस ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. तूट मोठी आणि प्रथिनं निम्मी, अशी ही जोडी स्नायूंना सगळ्यात महागात पडते. हल्ली भूक मारणारी जी इंजेक्शनं आली आहेत ती घेणाऱ्यांच्याही बाबतीत नेमकी हीच भीती असते, कारण घासच जात नाही आणि गेलेला घास बहुधा डाळ-उसळीचा नसतो.

मोठी तूट कधीच झेपत नाही असं मात्र नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तरुण मुलांना चार आठवडे खर्चाच्या ४० टक्के तूट देऊन कसून व्यायाम करायला लावला. ज्यांना किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिनं दिली त्यांची जवळपास पावणेपाच किलो चरबी गेली आणि स्नायू वगैरे किलोभराने वाढले. ज्यांना १.२ ग्रॅम दिली त्यांचे वाढले नाहीत, पण टिकले. पण हे विशीतले तरुण, जेवण मोजून हातात दिलेलं, व्यायाम रोजच्या देखरेखीखाली आणि मुदत फक्त चार आठवडे. बँक, घर आणि लोकल सांभाळणाऱ्या बाईंनी त्यावरून आपला तक्ता ठरवू नये.

३७० कॅलरी काढायच्या कुठून, याचं उत्तर बहुतेक मराठी घरांत तेलाच्या डब्यात सापडतं. पळीने फोडणीला किती तेल पडलं हे रोज मोजणं कंटाळवाणं आहे. त्यापेक्षा महिन्याचा हिशेब सोपा पडतो. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी एक लिटर झालं. एका लिटरचं वजन ९२० ग्रॅम आणि कॅलरी ८,३०० च्या आसपास, म्हणजे रोजच्या जवळपास २७५ कॅलरी नुसत्या तेलातून. दाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि तूप यात धरलेलं नाही. तेच तेल माणशी सहाशे मिलिलिटरवर आणलं तर ताटातला एकही पदार्थ कमी न करता शंभराहून जास्त कॅलरी वाचतात. चहातली साखर चार चमच्यांवरून दोनवर आणली की चाळीस. ऑफिसात संध्याकाळी फिरणारी फरसाणाची पुडी बंद झाली की दीड-दोनशे. तूट अशी भरली तर पोट रिकामं राहत नाही, आणि भूक आटोक्यात राहिली तरच ती तूट तीन-चार महिने चालते.

स्नायूंना कामाची गरज असते ती जिममध्येच भागते असं नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस अर्धा तास पुरतो, मात्र काम जड हवं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, मग पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तांदूळ घालून उठणं. ओट्याला हात टेकवून दंड, पुढे पलंगाच्या कडेला. पाण्याने भरलेली बादली धरून कमरेतून वाकून उभं राहणं. शेवटच्या दोन-तीन वेळा खरोखर जड जातील इतकं वजन असलं पाहिजे. चालणं तब्येतीला उत्तमच, पण स्नायू राखायला एकटं चालणं पुरत नाही.

अंगातल्या ताकदीचा भाग थोडा वेगळा आहे, कारण तो चोरपावलांनी जातो. जास्त तूट पडली की शरीर आपला खर्च कमी करू लागतं. माणूस लिफ्ट घेतो, बसल्या जागेवरून हाक मारतो, उभं राहून करायची कामं टाळतो, आणि हे त्याच्या लक्षातही येत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, रोज साधारण १,५७० कॅलरी देऊन, आणि त्यांना चालणंही भरपूर होतं. त्यांचं वजन जवळपास पावपटीने घटलं आणि विश्रांतीतला खर्च ४० टक्क्यांच्या आसपास खाली आला. ते सतत गारठलेले असत, चिडचिड करत, कशात मन लागत नसे आणि डोक्यात दिवसरात्र जेवणाचे विचार असत. ही माणसं मुळात सडपातळ होती आणि त्यांची तूट खर्चाच्या जवळपास निम्मी होती. आपल्या घरात कोणी इतकं टोकाला जात नाही, पण झटपट आहारावर असलेल्या माणसात यातली लक्षणं सौम्य स्वरूपात ओळखू येतात.

तूट जास्त झाली हे ओळखायचं कसं? माझा सगळ्यात जास्त विश्वास ताकदीच्या नोंदीवर आहे. पाच किलोची पिशवी घेऊन बारा वेळा उठणाऱ्या बाई दोन-तीन आठवडे सलग आठ-नऊवरच थांबत असतील, आणि झोप व आजारपण यांचं कारण नसेल, तर तूट मोठी आहे किंवा प्रथिनं कमी पडताहेत. पाळी लांबणं किंवा चुकणं ही तर धोक्याची सूचना आहे, ती दिसली की खाणं आधी वाढवायचं आणि डॉक्टरांना भेटायचं. रात्री दोन-तीनला जाग येणं, सतत थंडी वाजणं, रोजची पावलं आपोआप कमी होणं ही पुढची लक्षणं. केस गळण्याची तक्रार मात्र दोन-तीन महिने उशिरा येते, तोवर माणूस त्या आहाराला विसरलेला असतो आणि शांपू बदलत बसतो. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन घटत राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

वजनाची नोंद ठेवताना रोजच्या आकड्याकडे बघून निर्णय घ्यायचा नाही. सात दिवसांची सरासरी काढायची आणि सरासरीची सरासरीशी तुलना करायची. बाईंच्या वहीत असं दिसेल: सुरुवात ७२, पहिल्या आठवड्याची सरासरी ७१.१, दुसऱ्याची ७०.९, तिसऱ्याची ७१, चौथ्याची ७०.२. तिसऱ्या आठवड्यात वजन वाढलेलं दिसतं ते पाळीच्या आधी साठलेल्या पाण्यामुळे. इथेच बहुतेक जणी घाबरून आणखी दोनशे कॅलरी कमी करतात आणि चौथ्या आठवड्यात जे आपोआप व्हायचंच होतं त्याचं श्रेय त्या कपातीला देतात. बायकांनी पाळीच्या त्याच टप्प्यावरच्या मागच्या महिन्याशी तुलना करावी. जोडीला दर पंधरा दिवसांनी बेंबीपाशी टेपने कंबर मोजावी. वजन थांबलं आणि कंबर उतरत असेल, तर चरबी जात आहे.

तीन महिन्यांनी वजन ६८ च्या आसपास आलं की घट मंदावते. यात कुठे ‘चयापचय बिघडलं’ असं नसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असताना केविन हॉल यांनी गणिताने दाखवलं की घटलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च साधारण २२ ते २४ कॅलरींनी कमी होतो. चार किलोमागे नव्वद-शंभर. म्हणजे ३७० ची तूट आता २७० वर आली. अशा वेळी जेवण आणखी कापण्याआधी रोज तीन किलोमीटर जास्त चालणं मला बरं वाटतं, त्यात शंभरेक कॅलरी परत मिळतात आणि प्रथिनांना हात लागत नाही. गणपती किंवा दिवाळी मध्ये आली तर ते पंधरा दिवस तूटच ठेवू नये, खर्चाइतकं खावं आणि पुढे चालू करावं. व्यायाम मात्र त्या दिवसांतही चालू ठेवावा.

या बाईंचा वीस टक्क्यांचा आकडा दुसऱ्याला तसाच लागू पडणार नाही. १०५ किलोच्या माणसाने २५ टक्के ठेवले आणि आठवड्याला वजनाच्या एक टक्क्यापर्यंत घट होऊ दिली तरी चालतं, कारण त्याचा साठा मोठा आहे. उलट १७२ सेंटिमीटर उंचीचा, ६८ किलोचा, बारीक दंडांचा आणि ९४ सेंटिमीटर कमरेचा तरुण घ्या. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० च्या आत असावी असं मानतात, तेव्हा पोट कमी करायचंच आहे. पण त्याने ५०० ची तूट ठेवली तर तो आणखी बारीक आणि तितकाच पोटाळ होईल. त्याच्यासाठी दहा टक्के, म्हणजे दोन-अडीचशे कॅलरी पुरे, आणि खरा भर जड व्यायामावर हवा. नवख्या माणसाचे स्नायू एवढ्या तुटीतही वाढू शकतात.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि वाढीच्या वयातली मुलं यांनी स्वतःहून तूट ठेवूच नये. ज्यांना पूर्वी खाण्यापिण्याशी संबंधित मानसिक आजार झाला आहे त्यांनीही नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवण कमी करताना साखर एकदम उतरू शकते, म्हणून आधी डोस ठरवून घ्यावा लागतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. रोज ८०० कॅलरींच्या खालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीतच चालतो.

आठ-नऊ महिन्यांनी बाई ६४ वर आल्या, कंबर ८० च्या जवळ आली आणि ताकद सुरुवातीपेक्षा वाढलेली आहे असं समजा. ६० चा आकडा आधी ठरवला होता म्हणून तिथपर्यंत ओढत नेण्याची गरज नाही. आता त्यांचा खर्च १,८५० राहिलेला नाही, तो १,६५० ते १,७०० असेल. म्हणून जुन्या ताटाकडे परत न जाता आत्ताच्या ताटात दोनशेच्या आसपास कॅलरी मिळवायच्या: दुपारी एक पोळी जास्त आणि रात्री आमटीची वाटी पूर्ण, आठवडाभराच्या अंतराने एकेक. पहिल्या पंधरवड्यात वजन पाऊण-एक किलोने वर जाईल, कारण ग्लायकोजेन आणि त्याबरोबरचं पाणी परत भरतं. नंतर सरासरी तीन आठवडे एका जागी थांबली की तो आकडा वहीत लिहायचा, आणि त्याच्यावर सव्वा-दीड किलो चढलं तर पुन्हा काही आठवड्यांपुरती दोनशेची तूट ठेवायची.